लांब निबंधातली हेडिंग्ज एकसारखी करायची म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : मी नेरूळला राहते, एमएचा दीर्घ निबंध लिहितेय, नवी मुंबई कशी घडली यावर, साधारण ४५ पानं झालीत. सरांनी पहिलं वाचन करून एवढंच लिहून दिलं की 'शीर्षकं समांतर नाहीत, माहिती देत नाहीत, पातळ्यांमध्ये सुसंगती नाही'. मला वाटलं सगळी सारख्या लांबीची करायची तर तसं करून बघितलं पण अजूनच विचित्र दिसतंय. यादी अशी आहे :

१ प्रस्तावना
२ पार्श्वभूमी
३ सिडको
३.१ स्थापना
३.२ जमीन कशी घेतली?
३.३ शेतकऱ्यांनी विरोध केला
३.४ १२.५%
४ विकास
४.१ नोड्स
४.२ खाडीपूल बांधणे आणि रेल्वे
४.३ पाणी
५ महापालिका झाल्यावर
५.१ भूमिपुत्रांचे प्रश्न
६ इतर मुद्दे (एपीएमसी, फ्लेमिंगो, विमानतळ)
७ निष्कर्ष

कुणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर :

लांबीचा विचार आधी डोक्यातून काढून टाका, समांतर म्हणजे सारख्या लांबीचं नाही. मी ठाण्यात नौपाड्यात बसून गेली बावीस वर्षं प्रबंध, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असलं संपादनाचं काम करतेय आणि हा घोळ जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असतो, कारण हेडिंग आपण लिहिता लिहिता टाकतो, ज्या दिवशी जसा मूड तसं. एका दिवशी प्रश्न सुचतो, दुसऱ्या दिवशी एकच शब्द, तिसऱ्या दिवशी अख्खं वाक्य. तुमचं प्रकरण ३ बघा ना. 'स्थापना' हे नुसतं नाम, 'जमीन कशी घेतली?' हा प्रश्न, 'शेतकऱ्यांनी विरोध केला' हे पूर्ण वाक्य, आणि '१२.५%' हा तर आकडाच. चार भावंडं आणि चौघांची चार वळणं. सरांना हेच खटकलंय.

मराठीत हे पकडायला मी एक साधी युक्ती वापरते, तिला मी शेपूट लावणं म्हणते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हेडिंगच्या मागे काहीतरी जोडून मोठ्याने वाचलं की लगेच कानाला कळतं ते कुठल्या जातीचं आहे. तीन शेपटं पुरतात. 'याबद्दल' लावलं आणि वाक्य नीट बसलं तर ते नामाचं हेडिंग, जसं 'सिडकोची स्थापना याबद्दल'. 'असं या भागात सांगितलंय' लावून बसलं तर ते वाक्याचं हेडिंग, 'शेतकऱ्यांनी विरोध केला असं या भागात सांगितलंय'. आणि 'याचं उत्तर' बसलं तर प्रश्नाचं. आता एका पालक हेडिंगखालच्या सगळ्या पोरांना एकच शेपूट लावून वाचा. जिथे जीभ अडखळते ते हेडिंग बाकीच्यांपेक्षा वेगळ्या घडणीचं आहे. 'महापालिका झाल्यावर' ला यातलं एकही शेपूट लागत नाही, 'महापालिका झाल्यावर याबद्दल' असं कुणी म्हणत नाही, कारण ते वाक्य अर्ध्यावर सोडलंय, वाचणारा विचारणार झाल्यावर काय? 'बांधणे आणि रेल्वे' मध्ये तर एकाच हेडिंगात दोन घडणी आहेत, 'बांधणे' ही क्रिया आणि 'रेल्वे' ही वस्तू. हे दिसायला किरकोळ वाटतं पण वाचणाऱ्याला तिथे ठेच लागते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सगळ्या निबंधभर एकच घडण हवी असं अजिबात नाही. नियम एवढाच की एका पातळीवर एक घडण, आणि एकाच पालकाखालची भावंडं तर सारखी हवीतच. पातळी १ ला नामाची हेडिंग्ज आणि पातळी २ ला वाक्याची असं चालतं, उलट मला तेच जास्त आवडतं, कारण अनुक्रमणिका बघितल्यावर वरची पातळी आणि आतली पातळी नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून वेगळ्या ओळखू येतात.

पण शब्दांना हात लावायच्या आधी एक काम करा, आणि हे टाळू नका कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे. एका कोऱ्या पानावर प्रत्येक भागासाठी एक पूर्ण वाक्य लिहा की मी या भागात काय सांगितलंय. 'कशाबद्दल' नको, 'काय' हवं. '३.२ मध्ये भूसंपादनाबद्दल माहिती आहे' हे चालणार नाही. '३.२ मध्ये मी सांगितलंय की ९५ गावांच्या हद्दीत भूसंपादन सुरू झालं आणि मोबदल्यावरून नाराजी वाढली' हे चालेल. ज्या भागासाठी असं वाक्य लिहिताच येत नाही तिथे हेडिंगचा दोष नसतो, त्या भागात सांगण्यासारखं काही ठरलेलंच नसतं. आणि ज्या भागासाठी दोन वेगळी वाक्यं लागतात तो भाग फोडायचा असतो. माझ्या अनुभवात हेडिंग दुरुस्त करायला बसलेल्या माणसाचा निम्मा वेळ प्रत्यक्षात रचना दुरुस्त करण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

तुमचा मजकूर मी वाचलेला नाही पण विषय ओळखीचा आहे म्हणून यादीवरून मी अंदाजाने करून दाखवते, जिथे तुमचं लिखाण वेगळं असेल तिथे तुम्ही बदला.

सुरुवात प्रकरण ६ पासून करू, 'इतर मुद्दे'. हे शीर्षक वाचणाऱ्याला एकच गोष्ट सांगतं की लेखिकेला यांची जागा सापडली नाही. तेव्हा एकेकाला घर शोधू. एपीएमसीचे घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलवले गेले हा शहर वसण्याचा, कामधंदा इकडे येण्याचा भाग आहे, तो सरळ प्रकरण ४ मध्ये जातो. विमानतळ मात्र गंमतीशीर आहे, तो पहिल्या नजरेला प्रकरण ५ मध्ये टाकावासा वाटतो, अलीकडची गोष्ट म्हणून, पण प्रकरण ५ महापालिकेबद्दल आहे आणि विमानतळाची जागा नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाहीच, ती पनवेल-उलव्याच्या बाजूला. म्हणजे वरचं हेडिंग त्याला पांघरूण घालू शकत नाही. तुमच्या निबंधात विमानतळाबद्दल जर जमीन आणि स्थलांतराचा मुद्दा असेल, आणि असणारच, तर तो प्रकरण ३ च्या शेवटी जातो, जमिनीची गोष्ट तिथेच चाललीय. राहिले फ्लेमिंगो. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा २०१५ चा आणि रामसर यादीतला समावेश २०२२ चा, माहिती चांगली आहे, पण शहर कसं घडलं या धाग्याला ती कुठे जोडलीय हे मला यादीवरून दिसत नाही. एखादं पान असेल तर काढा किंवा प्रस्तावनेत एका वाक्यात आणा. मन कठीण करावं लागतं, पण तेवढ्यासाठी अख्खं प्रकरण उघडं ठेवू नका.

आता प्रकरण ५. तिथे ५.१ आहे आणि ५.२ नाही. एकुलतं एक उपशीर्षक हा नेहमीच इशारा असतो, भाग पाडायचा तर किमान दोन भाग पडतात, एकच असेल तर ते उपशीर्षक काढून मजकूर वरच्या हेडिंगखाली घ्या नाहीतर दुसरा भाग शोधा. तुमच्याकडे दुसरा भाग आहे, तो चुकीच्या घरात बसलाय : ४.३ पाणी. नवी मुंबईच्या पाण्याची गोष्ट म्हणजे मुख्यतः मोरबे धरणाची गोष्ट, जे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून महापालिकेने विकत घेतलं. मग ती महापालिकेच्या प्रकरणात हवी ना. ती तिकडे नेली की ४ मोकळं होतं आणि ५ ला भावंड मिळतं. बघा, अजून आपण एकही शब्द सुधारलेला नाही, फक्त माणसं आपापल्या खोलीत नेलीत.

आणि हे लक्षात घ्या की दोन प्रकारची समांतरता असते. एक व्याकरणाची, तिला शेपटाची चाचणी पुरते. दुसरी अर्थाची, म्हणजे एका पालकाखालची पोरं एकाच जातीची हवीत, सगळे टप्पे किंवा सगळी ठिकाणं किंवा सगळी कारणं. 'वाशी', 'नेरूळ', 'बेलापूर', 'रेल्वे' ही यादी व्याकरणाने चोख समांतर आहे, चारही नामं, चारही एका शब्दाची, तरी चुकीची आहे, कारण तीन जागा आणि एक सोय. शेपूट इथे काही पकडत नाही, इथे स्वतःला विचारावं लागतं की हे सगळे मिळून कशाचे भाग आहेत. तुमच्या प्रकरण ३ मध्ये 'सिडको' या नावाखाली स्थापना, संपादन, विरोध, योजना असे घटनाक्रमाचे टप्पे आहेत, म्हणजे जात एकच आहे, छान आहे, फक्त पालकाचं नाव 'सिडको' चुकलंय कारण विरोध सिडकोने केला नाही आणि निम्मं प्रकरण जमीन गेलेल्यांचं आहे.

आता घडण ठरवू. तुमचा निबंध इतिहास सांगणारा आहे, घडलं ते सांगताय, म्हणून पातळी २ ला भूतकाळातली छोटी वाक्यं घ्यावीत असं माझं मत. नामाची हेडिंग्ज माहिती लपवतात, 'भूसंपादन' म्हटलं की झालं का, नाही झालं का, कुणी केलं काहीच बोलावं लागत नाही. वाक्यात क्रियापद द्यावंच लागतं आणि क्रियापद आलं की खरं-खोटं ठरतं. हे मी तुमच्याच उदाहरणावर दाखवते. ३.२ साठी मी पहिल्यांदा लिहिलं 'सरकारने ९५ गावांची जमीन घेतली'. मग थांबले. ९५ गावं नवी मुंबईच्या आखलेल्या क्षेत्रात आली हे खरं, पण सगळी जमीन एका दमात ताब्यात आली का? नाही, संपादन वर्षानुवर्षं चालत राहिलं. म्हणून 'घेतली' खोटं पडतं आणि 'सुरू झालं' खरं ठरतं : '९५ गावांत भूसंपादन सुरू झालं'. 'जमीन कशी घेतली?' असं प्रश्नार्थक ठेवलं असतं तर ही चूक झाकलेलीच राहिली असती. प्रश्नाची हेडिंग्ज मी निबंधात एवढ्यासाठीच टाळते, ती उत्सुकता दाखवतात पण उत्तर देत नाहीत, आणि अनुक्रमणिका वाचणाऱ्या परीक्षकाला उत्तर हवं असतं. माहितीपत्रकात किंवा लोकांच्या शंकांच्या पानावर प्रश्न ठीक आहेत, तिथे वाचणारा खरंच तो प्रश्न घेऊन आलेला असतो.

३.३ जरा जास्त वेळ घेऊन करू, कारण तिथे हेडिंग बाजू घेऊ शकतं. 'शेतकऱ्यांनी विरोध केला' हे इतकं सौम्य आहे की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जे झालं, ज्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्याची त्यात सावलीही नाही. '१९८४ च्या आंदोलनात पाच जणांचा बळी गेला' हे माहिती देतं, पण 'बळी गेला' मध्ये कुणामुळे ते गळतं, आणि वाक्याच्या हेडिंगात कर्ता गाळणं हाही एक निर्णय असतो, नकळत घ्यायचा नाही. मी 'पोलीस गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला' असं लिहीन आणि साल मजकुरात ठेवीन, किंवा सगळ्याच उपशीर्षकांत साल देणार असाल तर यातही देईन. सालाचं हेच धोरण : एकात असेल आणि बाकीच्यांत नसेल तर वाचणारा उगाच विचार करतो की इथे साल का महत्त्वाचं. इथे मी साल फक्त जिथे त्याशिवाय घटना ओळखूच येत नाही तिथे ठेवलंय, म्हणजे पूल आणि रेल्वे, आणि स्थापनेला, कारण तिथून गोष्ट सुरू होते. म्हणजे ३ च्या खाली एकातच साल आहे, मला ते चालतं, तुमचे सर कडक असतील तर तेही मजकुरात ढकला.

मग नावांचा प्रश्न. ३.३ मध्ये 'शेतकरी', ५.१ मध्ये 'भूमिपुत्र', आणि मजकुरात तुम्ही 'प्रकल्पग्रस्त' पण लिहिलं असणार. ही तिन्ही नावं आपल्याकडे चालतात पण ती सारखी नाहीत. सगळे प्रकल्पग्रस्त शेतकरी नव्हते, मिठागरात काम करणारे होते, मासेमारी करणारे होते. 'भूमिपुत्र' मध्ये अभिमान आणि हक्काचा सूर आहे, 'प्रकल्पग्रस्त' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. तुम्ही कुठलाही निवडा, पण हेडिंगांमध्ये एका समूहाला एकच नाव, आणि तो शब्द कुठल्या अर्थाने वापरलाय हे प्रस्तावनेत एकदा सांगा. हेडिंग बदलताना शब्द सुंदर दिसावा म्हणून समानार्थी शब्द फिरवत बसणं ही शाळेतली सवय आहे, तिथे एकच शब्द परत आला की लाल गोल पडायचा. इथे उलटं आहे, परत आलेला शब्द वाचणाऱ्याला सांगतो की ही तीच माणसं.

तर माझ्या हिशोबाने यादी अशी होते :

१ प्रस्तावना
२ मुंबईवरचा ताण आणि जुळ्या शहराची कल्पना
३ जमिनीचं संपादन आणि प्रकल्पग्रस्तांचा लढा
३.१ राज्य सरकारने १९७० मध्ये सिडको स्थापन केली
३.२ ९५ गावांत भूसंपादन सुरू झालं
३.३ पोलीस गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला
३.४ साडेबारा टक्के योजनेतून विकसित भूखंड मिळू लागले
३.५ विमानतळासाठी पुन्हा जमीन घेतली गेली
४ नोडची उभारणी आणि मुंबईशी जोडणी
४.१ सिडकोने शहर नोडमध्ये विभागलं
४.२ खाडीपुलाने १९७३ मध्ये वाशी मुंबईला जोडली
४.३ लोकल १९९२ मध्ये वाशीला पोहोचली
४.४ घाऊक बाजार वाशीला आले
५ महापालिकेचा कारभार आणि गावठाणांचा प्रश्न
५.१ महापालिकेने मोरबे धरण विकत घेतलं
५.२ प्रकल्पग्रस्तांच्या वाढीव घरांचा प्रश्न लांबत गेला
६ निष्कर्ष

आता यावर मीच थोडी टीका करते म्हणजे तुम्हाला कळेल की कुठे थांबायचं.

पातळी १ ला चार प्रकरणांत 'हे आणि ते' असा साचा झालाय. दिसायला छान दिसतो, पण 'आणि' हा हेडिंगातला सगळ्यात महाग शब्द आहे. 'आणि' लिहिलं की तुम्ही वचन दिलं की प्रकरणात दोन्ही गोष्टी आहेत आणि साधारण बरोबरीने आहेत. प्रकरण २ मध्ये १९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहर वसवायची कल्पना मांडली तो भाग जर चार पानांचा असेल आणि मुंबईवरच्या ताणाचा अर्धं पान, तर 'आणि' नको, 'खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना' पुरे. मग साचा मोडतो? मोडू द्या. ते अजूनही नामाचंच हेडिंग आहे, 'याबद्दल' शेपूट लागतं, पातळीची घडण शाबूत आहे. समांतरता म्हणजे घडण सारखी, शब्दांची कवायत नाही. 'पार्श्वभूमी' मात्र कुठल्याही परिस्थितीत जायला हवं. तो शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही निबंधावर चिकटवता येईल, आणि हीच माहिती देणाऱ्या हेडिंगची दुसरी चाचणी : हे शीर्षक उचलून ठाण्याच्या तलावांवरच्या निबंधात ठेवलं तर कुणाला कळेल का? 'विकास', 'स्थापना', 'पाणी' कुणाला कळणार नाही. 'महापालिकेने मोरबे धरण विकत घेतलं' लगेच कळेल.

३.५ मध्ये 'घेतली गेली' आहे, बाकीच्यांसारखं सरळ नाही. त्याला कर्ता द्या, 'सिडकोने विमानतळासाठी पुन्हा जमीन घेतली', मग ३.१ च्या शेजारी बसतं. मी ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं, कारण असं एखादं शेवटी सुटतंच, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, मोठ्याने वाचल्यावरच कळतं.

'प्रस्तावना' आणि 'निष्कर्ष' तशीच राहू देत. ही कामाची नावं आहेत, वाचणारा त्यांना शोधतोच, त्यांना सजवून 'एका शहराचा जन्म' वगैरे केलं तर उलट शोधणाऱ्याचा वेळ जातो. आणि तुमच्या विभागाने जर प्रकरणांची नावं ठरवून दिली असतील, 'साहित्याचा आढावा', 'संशोधन पद्धती' असली, तर पातळी १ ला हात लावू नका, ती जशीच्या तशी ठेवा आणि सगळी माहिती पातळी २ मध्ये भरा. त्यावरून भांडण करण्यात अर्थ नसतो.

एक चूक मी स्वतः केलेली आहे ती सांगते कारण तुम्ही लांबी सारखी करायला गेलात त्याच्याच जवळची आहे. सुरुवातीच्या काळात एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात मी सगळ्या उपशीर्षकांच्या शेवटी 'चा आढावा' लावला. शाळेच्या स्थापनेचा आढावा, इमारतीच्या बांधकामाचा आढावा, क्रीडा उपक्रमांचा आढावा. शेपूट परफेक्ट लागत होतं, समांतर म्हणजे इतकं समांतर. छापून आल्यावर अनुक्रमणिका उघडली तर डोळे घसरत खाली जात होते, एकही ओळ थांबवत नव्हती, कारण प्रत्येक ओळीचा जड शब्द सारखाच होता आणि वेगळा शब्द मधे कुठेतरी दबलेला. तेव्हापासून मी बघते की सगळ्या भावंडांत समान असलेला शब्द पालकाकडे पाठवता येतो का. 'आढावा' हा शब्द फार तर एकदा ग्रंथाच्या नावात यायला हवा होता. तुम्हीही 'नवी मुंबईतील' हा शब्द एकाही हेडिंगात लिहू नका, सगळा निबंधच नवी मुंबईचा आहे.

त्याचंच दुसरं टोक म्हणजे 'च्या'ची आगगाडी. नामाचं हेडिंग माहितीपूर्ण करायला गेलं की 'नवी मुंबईच्या विकासाच्या प्रक्रियेच्या पहिल्या टप्प्याचं स्वरूप' असं होतं. माझा नियम, एका हेडिंगात 'चा-ची-चे-च्या' दोनदा, जास्तीत जास्त. तिसरा आला की ते वाक्य करून बघा, बहुतेक वेळा 'सिडकोने आधी वाशी वसवली' असं काहीतरी चार शब्दांत निघतं. लांबीचं म्हणाल तर अनुक्रमणिकेत एका ओळीत मावलं पाहिजे, साधारण सात-आठ शब्द, पण तीन शब्दांचं आणि आठ शब्दांचं शेजारी असलं तरी बिघडत नाही.

भाषेचा पोतही एका पातळीवर सारखा ठेवा. 'भूसंपादन' च्या खाली 'रेल्वे कनेक्टिव्हिटी' आणि त्याखाली 'जलव्यवस्थापन' असं नको, तीन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. तुमच्या विभागाला प्रमाण लेखन हवं असेल तर 'संपादन सुरू झालं' चं 'सुरू झाले' सगळीकडे करा, मी इथे बोलीतलं लिहिलंय. 'नोड्स' चं 'नोड' केलंय ते यासाठी की मराठीत आपण 'सिडकोचे नोड' म्हणतो, इंग्रजी अनेकवचनाची गरज नाही. '१२.५%' पण असंच, इथल्या लोकांच्या तोंडी 'साडेबारा टक्के' आहे, हेडिंगात तेच लिहा.

हेडिंग बदलून झालं की काम संपत नाही, खालचा मजकूर मोडलेला असतो, आणि हे बहुतेक जण विसरतात. तुमच्या ३.१ चं पहिलं वाक्य बहुधा असं काही असेल : 'ती १७ मार्च १९७० रोजी झाली'. 'ती' म्हणजे स्थापना, वरच्या हेडिंगातली. हेडिंग बदललं, 'ती' लटकली. म्हणून प्रत्येक भागाचं पहिलं वाक्य हेडिंगवर बोट ठेवून, ते झाकून वाचा. हेडिंगशिवाय अर्थ लागला पाहिजे. आणि उलटही बघा, वाक्याचं हेडिंग घेतल्यावर पहिलं वाक्य तेच परत म्हणत नाही ना. '९५ गावांत भूसंपादन सुरू झालं' च्या खाली 'नवी मुंबईसाठी ९५ गावांत भूसंपादन सुरू झाले' असं आलं तर ते पहिलं वाक्य सरळ उडवा आणि दुसऱ्यापासून सुरू करा, बहुतेक वेळा दुसरंच वाक्य खरं पहिलं असतं. शिवाय 'पार्श्वभूमीत म्हटल्याप्रमाणे', 'इतर मुद्द्यांमध्ये पाहू' असे उल्लेख शोधून बदला, ते हाताने टाईप केलेले असतील तर आपोआप बदलत नाहीत.

वर्डमध्ये करत असाल तर हेडिंग्जना Heading 1, Heading 2 या स्टाईल्स लावलेल्या असाव्यात, नुसतं बोल्ड करून मोठं केलेलं नको. मग View मधली Navigation Pane उघडली की डावीकडे फक्त हेडिंग्ज दिसतात, शेपूट लावायला तीच जागा, आणि भाग इकडून तिकडे न्यायचा तर तिथेच ओढून नेता येतो, मजकूर सोबत जातो. शेवटी अनुक्रमणिकेवर राईट क्लिक करून Update Field आणि मग Update entire table निवडा. Update page numbers only राहिलं तर आत नवीन हेडिंग्ज आणि अनुक्रमणिकेत जुनी असा प्रकार होतो, मी छापखान्यात गेलेल्या प्रतीत तो बघितलाय.

पण हे सगळं ४५ पानांत करायच्या आधी फक्त नवी यादी आणि प्रत्येक भागाचं ते एक वाक्य एवढं एका कागदावर सरांना दाखवा. विमानतळ ३ मध्ये की स्वतंत्र, पाणी ५ मध्ये चालेल का, 'प्रकल्पग्रस्त' की 'भूमिपुत्र', यावर त्यांचं मत वेगळं असू शकतं, आणि ते एका पानावर दहा मिनिटांत कळतं. यादी दाखवून झाली की इथे टाका, त्यांनी काय बदललं ते बघून प्रकरण २ ची उपशीर्षकं आपण करू, ती तुम्ही दिलेलीच नाहीत आणि कोरिया, मेहता, पटेल यांच्या मांडणीवर चार पानं असतील तर तिथे लागतील.